राखीव रकमेला नाव हवे



वज्रेश्वरीहून एका वाचकबंधूंचे सविस्तर पत्र आले आहे. भिवंडीत त्यांच्या घराण्याचा कापडाचा घाऊक व्यापार आहे. कटाई, शिलाई आणि घडी करून बांधणी ही कामे आजवर ते बाहेरून करून घेत आले. आता वज्रेश्वरी ते अंबाडी या रस्त्यालगत घेतलेल्या जागेवर स्वतःची कार्यशाळा उभारावी, असे घरात ठरले आहे. जागा पूर्वी भातखाचर होती. बिगरशेतीची कागदपत्रे पूर्ण झाली असून नकाशाही तयार आहे. साठ फूट रुंद आणि शंभर फूट लांब असा लोखंडी सांगाड्याचा, पत्र्याच्या छपराचा सहा हजार चौरस फुटांचा सभामंडपासारखा एकच मोठा भाग, असा बेत आहे. अंदाजपत्रक ब्याण्णव लाखांचे आहे.

त्यांचा प्रश्न एवढाच, की या ब्याण्णव लाखांच्या वर अनपेक्षित खर्चासाठी किती रक्कम बाजूला ठेवावी? घरातील ज्येष्ठ काका म्हणतात, दहा टक्के. हिशेबनीस सनदी लेखापाल म्हणतात, पाच टक्के पुरेत, कारण बँकेला दाखवायच्या प्रकल्प अहवालात तेवढेच शोभतात. कंत्राटदार म्हणतो, शेटजी, माझ्यावर विश्वास ठेवा, एक पैसाही वाढणार नाही. तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे बंधू विचारतात. त्यांच्या संमतीने, आकडे थोडे ढोबळ करून, तेच उदाहरण येथे घेतो.

प्रश्न छोटा वाटतो, पण पत्रातील एक वाक्य वाचून त्याचे वजन लक्षात आले. ते लिहितात, “बँकेचे कर्ज आणि आमची बचत मिळून ब्याण्णव लाख बरोबर बसतात, कमी पडलेच तर दुकानातून घेऊ.” दुकानातून घ्यायचे म्हणजे खेळत्या भांडवलातून घ्यायचे. दिवाळीच्या आधी गिरण्यांना आगाऊ देण्याची रक्कम पत्र्याखाली गेली, तर हंगामाचा माल अर्धाच भरला जातो, आणि मुदतीचे देणे एकदा पुढे ढकलले की तीन पिढ्यांनी बाजारात जमवलेल्या पतीला पहिला डाग पडतो. इमारत मात्र दिमाखात उभी असते. म्हणून राखीव किती, या प्रश्नात दुकानाचा हंगामही गुंतलेला आहे.

अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांची गाठ पडतच नाही, असे नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयाची इमारत एप्रिल १८७१ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरी झाली. मंजूर अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा होता, खर्च झाला १६,४४,५२८ रुपये. साडेसात वर्षांच्या कामात २,६६८ रुपये उरले! उलट वांद्रे-वरळी सागरी सेतूचे काम सुरू होताना सुमारे ६६० कोटींचा आकडा सांगितला जात होता. २००९ मध्ये सेतू खुला झाला तेव्हा तो सुमारे १,६०० कोटींवर गेला होता. मध्यंतरी कोळी बांधवांच्या होड्यांना वाट ठेवण्यासाठी रचनेत बदल झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षे लोटली. इतका मोठा फरक केवळ सिमेंट-सळईच्या भाववाढीने पडत नाही. काय बांधायचे हेच मध्येच बदलले आणि वेळ वाढत गेला, ही त्यामागची मोठी कारणे. हा भेद आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

सरकारी अंदाजपत्रकाच्या तळाशी किरकोळ व अनपेक्षित खर्चापोटी साधारण तीन ते पाच टक्के धरण्याचा प्रघात आहे. अनेक खासगी आराखडे तोच आकडा उचलतात. पण सरकारी खाते शेकडो कामे करते. एका कामात तूट आली तर दुसऱ्यात उरते, शिवाय सुधारित मान्यतेचा मार्गही असतो. आपल्या बंधूंना एकच कार्यशाळा बांधायची आहे आणि सुधारित मान्यता देणारे वरिष्ठ कार्यालय म्हणजे त्यांची स्वतःचीच तिजोरी. म्हणून सरकारी टक्का येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

टक्केवारीचा विचार करण्याआधी ब्याण्णव लाखांचा आकडा स्वतः स्वच्छ आहे का, हे पाहावे लागते. पत्रासोबतच्या कागदात पाया, जोते आणि भराव यांना एकवीस लाख, लोखंडी सांगाडा व छपराला तेहतीस, भिंती-गिलावा-शटर यांना तेरा, ट्रायमिक्स फरशीला सात, विजेच्या कामाला आठ, कुंपण-गटार-पाण्याची टाकी-आतला रस्ता यांना सहा, आणि आराखडे व शुल्क यांना चार लाख धरले आहेत. बेरीज बरोबर आहे. मी लगेच दूरध्वनी करून एकच विचारले, की यात जीएसटी धरला आहे का? सुदैवाने धरला होता. पुष्कळ व्यापारी तो धरत नाहीत. मालावर भरलेला कर परत मिळतो ही दुकानातली सवय ते बांधकामालाही लावतात. पण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे स्वतःच्या इमारतीच्या बांधकामावरील कराचे क्रेडिट मिळत नाही. यंत्र बसविण्याच्या पायाला आणि आधाराला तेवढी सूट आहे. ठेकेदाराच्या बिलावरील अठरा टक्के कर ही गोष्ट ‘अनपेक्षित’ नव्हे. ज्याची तारीख आणि दर दोन्ही माहीत आहेत, तो खर्च मूळ अंदाजातच हवा. तो राखीव रकमेत ढकलला, तर पहिल्या दोन बिलांतच राखीव संपते आणि खरे संकट येते तेव्हा डबा रिकामा असतो.

आता खऱ्या अनिश्चिततेकडे येऊ. मी बंधूंना विचारले, की या कामात नेमके काय बिघडू शकते? ‘काहीही होऊ शकते’ हे उत्तर मला नको होते. अभियंता, कंत्राटदार आणि काका यांना एकत्र बसवून तासभर चर्चा करा, प्रत्येक भीतीला नाव द्या, ती खरी ठरली तर किती रुपये लागतील ते लिहा आणि ती खरी ठरण्याचा संभव किती ते सांगा, अशी विनंती केली. चर्चेतून चार नावे आली.

पहिले नाव जमिनीचे. तानसा नदीच्या या खोऱ्यात वरची माती एकसारखी दिसते, पण खालचे थर तसे नाहीत. अकलोली, गणेशपुरी येथील गरम पाण्याची कुंडे आपण सर्वांनी पाहिली आहेत. खालच्या काळ्या कातळाला भेगा आहेत, त्यांतून ते पाणी वर येते. भातखाचराखाली कोठे चार फुटांवर कठीण मुरूम लागतो, कोठे नऊ फूट गेले तरी चिखलट मातीच असते, तर कोठे मध्येच दगड लागून ब्रेकर बोलवावा लागतो. अंदाजपत्रकात सोळा खांबांचे पाये पाच फूट खोल धरले आहेत. निम्मे पाये खोल न्यावे लागले, खड्ड्यातील पाणी पंपाने उपसावे लागले, तर सुमारे तीन लाख वाढतील. शिवाय पावसाळ्यातील पाण्याची पातळी पाहून जोते एक फूट उंच घ्यावे लागले, तर सहा हजार चौरस फुटांना सहा हजार घनफूट, म्हणजे साठ ब्रास दाबलेला भराव लागतो. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून गाडीने पाऊणशे ब्रास आणावा लागेल. आणणे, पसरणे, पाणी मारून रोलर फिरविणे धरून दीड लाख. असे हे साडेचार लाख, आणि संभव तीनात एक.

दुसरे नाव पोलादाच्या भावाचे. सांगाडा तयार करणारे पुरवठादार आपले दरपत्रक बहुधा पंधरा दिवसांपुरतेच बांधून देतात. २०२० च्या मध्यास टनामागे चाळीस हजारांच्या आसपास असलेली सळई २०२२ च्या एप्रिलपर्यंत सत्तर हजारांवर गेली होती. अखेर त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारला पोलादाच्या निर्यातीवर शुल्क बसवावे लागले. नेहमी असे होत नाही, पण मागणी नोंदवण्यास चार महिने असताना दहा टक्के वाढ अशक्य नाही. सांगाड्यातील बावीस लाखांच्या पोलादावर ती दोन लाख वीस हजार होते. संभव निम्मा.

तिसरे नाव पावसाचे. छप्पर जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी चढले, तर आतले काम पावसात चालू राहते. न चढल्यास तीन महिने गेले. जुन्या गोदामाचे भाडे, राखणदार, कर्जावरील व्याज आणि मजुरांची टोळी पुन्हा जमविण्याचा खर्च मिळून तीन लाख. काही घरांत चातुर्मासात जमीन खणत नाहीत. तेथे खोदाईचा हंगाम कार्तिकी पौर्णिमेनंतरचाच उरतो आणि वेळापत्रक अधिकच घट्ट होते. संभव तीनात एक.

चौथे नाव विजेचे. शिलाईयंत्रे, इस्त्रीची वाफ आणि कटाईची यंत्रे यांचा एकत्रित भार मोठा आहे. जवळच्या रोहित्रात तेवढी जागा नसेल, तर नवीन रोहित्र आणि खांबांची ओळ यांचा खर्च आपल्या अंगावर येऊ शकतो. अभियंत्याने पाच लाख सांगितले, संभव चारात एक.

याशिवाय मोजमापात राहून गेलेल्या वस्तू असतातच. शटरखालचा उंबरा, टाकीवरचे झाकण, पावसाच्या पाण्याचा पाइप, अशा गोष्टी प्रत्येक अंदाजपत्रकात सुटतात. त्यांपोटी एक लाख मी निश्चित धरला.

येथपर्यंत आल्यावर लेखापालांनी लगेच गणित केले. साडेचार लाखांचा तिसरा भाग दीड लाख, दोन लाख वीस हजारांचा निम्मा एक लाख दहा हजार, तीन लाखांचा तिसरा भाग एक लाख, पाच लाखांचा चौथा भाग सव्वा लाख, आणि वरचा एक लाख. एकूण पाच लाख पंच्याऐंशी हजार. म्हणजे सहा लाख ठेवा, झाले!

हे गणित सरासरीचे आहे आणि येथेच थांबायला हवे. विमा कंपनीला सरासरी चालते, कारण तिच्याकडे हजारो घरे असतात. एका घराला सरासरी घटना घडत नाही. रोहित्र लागले तर पूर्ण पाच लाख लागतात, नाही लागले तर काहीच नाही. सव्वा लाखाचे रोहित्र कोठेही मिळत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की अमुक रक्कम ठेवली तर ती किती वेळा पुरेल?

चार घटना, प्रत्येक घडेल किंवा न घडेल, अशा एकूण सोळा जोड्या होतात. वहीच्या एका पानावर त्या मांडता येतात. प्रत्येक जोडीचा खर्च आणि संभव लिहून मी बेरीज केली. सहा लाख राखीव ठेवली, तर ती शंभरात छप्पन्न वेळा पुरते आणि चव्वेचाळीस वेळा अपुरी पडते. नाणे उडविण्यापेक्षा हे फारसे बरे नाही. नऊ लाख ठेवली, तर शंभरात सुमारे पंच्याऐंशी वेळा पुरते. त्यापुढे साडेदहा लाखांपर्यंत गेले तरी खात्री सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीपर्यंतच वाढते. दीड लाख अधिक अडकवून मिळणारा लाभ थोडा आहे. मी नऊ लाखांवर थांबलो असतो. ब्याण्णव लाखांच्या जवळजवळ दहा टक्के ही रक्कम येते. म्हणजे आज काकांचे उत्तर बरोबर आहे, जरी त्यांनी ते अनुभवाने दिले आणि आपण वहीने काढले.

एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. या गणितात चारही घटना एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या आहेत. प्रत्यक्षात तसे नसते. पाया खोल गेला की काम लांबते, काम लांबले की छप्पर पावसाच्या तावडीत सापडते. जमीन आणि पाऊस हातात हात घालून येतात. म्हणून पंच्याऐंशी हा आकडा थोडा गोड मानावा आणि वेळापत्रकात खोदाई शक्य तितकी अलीकडे ओढावी.

आता यातील माझ्या मते सर्वांत कामाचा भाग. वरच्या चार भीतींपैकी दोन अशा आहेत, की ज्यांचे उत्तर काम सुरू होण्याआधीच थोड्या पैशांत मिळू शकते. जागेवर जेसीबीने तीन चाचणी खड्डे घ्यावेत, एक रस्त्याकडे, एक मध्यभागी आणि एक खाचराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात. खड्डे अभियंत्यासमोर खणावेत, प्रत्येक थर कोठे सुरू झाला ते टेपने मोजून लिहावे, छायाचित्रे घ्यावीत आणि मुरूमाची वाहकक्षमता तपासून घ्यावी. शेजाऱ्याची विहीर असेल तर तिच्या काठावरून खाली पाहावे. विहिरीच्या भिंतीवर जमिनीचे थर पोथीच्या पानांसारखे उलगडलेले असतात आणि त्याचे शुल्क पडत नाही. हा सर्व खर्च तीस हजारांच्या आसपास.

समजा, तिन्ही खड्ड्यांत पाच फुटांच्या आतच कठीण मुरूम लागला. जमिनीचे नाव यादीतून पुसले. उरलेल्या तीन घटनांच्या आठ जोड्या पुन्हा मांडल्या, तर सहा लाख वीस हजारांतच शंभरात त्र्याऐंशी वेळा भागते. तीस हजार खर्च करून पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम मोकळी झाली. आणि समजा, उलट झाले, मुरूम खोल निघाला. तरीही वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. साडेचार लाख आता मूळ अंदाजात जातील, अंदाज साडेशहाण्णव लाखांचा होईल, आणि राखीव तीच सहा लाख वीस हजार राहील. धोका होता तो खर्च झाला. बँकेशी बोलणे अजून बाकी असताना, पहिले फावडे मारण्याआधी हे कळले, तर छपराचा दर्जा, फरशीची जाडी, कुंपणाची लांबी यांपैकी कशात तडजोड करायची ते शांतपणे ठरविता येते. हीच बातमी पाया खणताना मिळाली असती, तर ठरविण्यासारखे काही उरले नसते.

विजेचेही तसेच. भार किती हवा याचा अर्ज बांधकाम संपताना करण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडून नकाशा होताच अर्ज करावा. वीज कंपनीकडून लेखी अंदाजपत्रक आले, की रोहित्र लागणार की नाही हे कळते. नाही लागले, तर उरलेल्या दोन भीतींसाठी, म्हणजे पोलाद आणि पाऊस यांसाठी, चार लाखांतच शंभरात त्र्याऐंशी वेळा पुरते. ब्याण्णव लाखांच्या साडेचार टक्क्यांहून ही रक्कम कमी आहे. म्हणजे लेखापालांचे पाच टक्केही बरोबरच, फक्त ते या दोन चौकश्या पुऱ्या झाल्यानंतर. काका आणि लेखापाल यांच्यात वाद नाहीच. दोघे एकाच कामाच्या दोन वेगळ्या तारखांना उत्तर देत होते. कंत्राटदाराचे शून्य मात्र शेवटचे बिल चुकते झाल्यावरच खरे ठरेल.

कंत्राटदाराच्या शून्याबद्दल थोडे अधिक. त्याने एकरकमी ठेका मागितला असेल, तर त्याची राखीव त्याच्या दरातच लपलेली असते, ती आपण आधीच भरतो. बाबवार दराने काम दिले असेल, तर परिमाण वाढण्याचा भार आपल्यावर असतो. दोन्ही पद्धती चालतात, पण एकरकमी ठेक्यावर दहा टक्के राखीव ठेवणे म्हणजे एकाच भीतीचे दोनदा पैसे देणे होय. ठेक्याच्या कागदात खोदाईचा दर मऊ माती, कठीण मुरूम आणि कातळ असा तीन प्रकारे वेगळा लिहिला आहे का, ते पाहावे. ‘सर्व प्रकारची जमीन’ असे लिहिले असेल तर भार त्याचा, वेगळे दर असतील तर आपला.

राखीव ठरल्यावर ती कोठे ठेवायची? उधारीत अडकलेली, सोन्यात असलेली किंवा भावाच्या दुकानातील रक्कम ही राखीव नव्हे. आठवड्यात हातात येईल अशी हवी. मुदतठेव किंवा त्यावरील ओव्हरड्राफ्ट चालेल. बँकेच्या प्रकल्प अहवालात तिची वेगळी ओळ घालावी, कारण कर्ज मंजूर झाल्यावर वाढीव मागायला गेल्यास पुन्हा नव्याने सारे कागद करावे लागतात, आणि तोवर कंत्राटदाराची टोळी दुसऱ्या कामावर निघून जाते. आणि एक गोष्ट घरातच ठेवावी: कंत्राटदाराला राखीवचा आकडा सांगू नये. सांगितला, की तो आकडा हळूहळू गरज बनतो.

वहीत तिचे खाते स्वतंत्र उघडावे. प्रत्येक नावे रकमेसमोर चार भीतींपैकी कोणती, हे लिहावे. कोणत्याच नावाखाली न बसणारा खर्च आला, तर सही करण्याआधी विचारावे की हा खर्च जागेने मागितला की आपण मागितला? थोरल्या सूनबाईंना कार्यालयात काचेची भिंत हवी, धाकट्या भावाला आत माळा काढून साठवणीची जागा वाढवायची आहे, या गोष्टी अगदी योग्य असू शकतात. पण त्या जागेच्या नव्हेत, मनाच्या आहेत. त्यांचे खाते वेगळे, त्यांचे पैसेही वेगळे, आणि घरातील कर्त्यांची संमती वेगळी. सागरी सेतूच्या उदाहरणात पाहिलेला भेद हाच. माळ्याच्या बाबतीत तर वेळही महत्त्वाची आहे. खांबांचे पाये भरल्यानंतर माळा सुचला, तर पैशांपेक्षा वजनाचा प्रश्न आधी उभा राहतो, आणि तो अभियंत्याला विचारल्याशिवाय कोणी सोडवू नये.

या खात्याकडे पाहण्याची एक सोपी खूण आहे. काम किती टक्के झाले आणि राखीव किती टक्के गेली, हे दर महिन्याच्या शेवटी शेजारी शेजारी लिहावे. सुरुवातीला, पाया चालू असताना, राखीव थोडी पुढे धावते, ते स्वाभाविक आहे. पण काम तीस टक्के आणि राखीव साठ टक्के असे दिसले, तर पुढचे बिल देण्याआधी उरलेल्या कामाचा अंदाज नव्याने करून घ्यावा. तसेच प्रत्येक टप्पा संपला की त्या नावाची रक्कम खात्यातून काढून घ्यावी. पाया भरला, जमिनीच्या नावाचे पैसे वाचले, तर ते त्याच दिवशी दुकानाच्या खात्यात परत जमा करावेत. ते तसेच पडून राहिले, तर दाराशी ग्रॅनाइट लागतो. हे मी अनेक घरांत पाहिले आहे, आणि ग्रॅनाइटला माझा विरोध नाही. तो मनाच्या खात्यातून लागावा, एवढेच.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तीनात एक, चारात एक हे संभव माणसांनी बसून ठरविले आहेत. ते तराजूत तोललेले नाहीत. अभियंत्याने जमिनीचा संभव निम्मा सांगितला असता, तर आकडा वर गेला असता. पण मतभेद कोठे आहे हे तरी आता दिसते, आणि त्याच जागी खड्डा खणता येतो. शिवाय काही संकटांना राखीव हे उत्तरच नाही. जमिनीच्या मालकीवर दावा लागला, कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेला, बांधकाम चालू असताना सांगाडा वाऱ्याने कोसळला, तर नऊ लाख कोठेच पुरत नाहीत. पहिल्यासाठी वकिलाकडून शोध अहवाल, दुसऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने बिले आणि प्रत्येक बिलातून रोखून धरलेली अनामत, तिसऱ्यासाठी बांधकाम काळातील विमा, ही त्यांची वेगवेगळी औषधे आहेत.

बंधूंचा दुसरा दूरध्वनी गेल्या आठवड्यात आला. खड्ड्यांसाठी जेसीबीवाल्याशी बोलणे झाले आहे, अभियंता सोमवारी येणार आहेत आणि विजेचा अर्ज दाखल झाला आहे. काकांनी स्वतः जागेवर उभे राहून थर मोजायचे ठरविले आहे. वहीचे ते सोळा ओळींचे पान त्यांनी मागवून घेतले असून, अहवाल हाती आले की त्यातील ओळी खोडून नवा आकडा ते स्वतः काढणार आहेत. तोवर नऊ लाखांची मुदतठेव मोडायची नाही, असे घरात ठरले आहे.